पबजीत म्यूट केलं तरी शिव्या ऐकू येतात, रिपोर्ट केलं तरी काही होत नाही : कुठे अडतंय ते असं शोधा

हा प्रश्न थोड्याथोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. 'रँडम टीममेट आई-बहिणीवरून सुरू झाला, म्यूट केला, तरी आवाज चालूच. रिपोर्ट मारला, पुढे काही कळलं नाही.' प्रत्येक वेळी तुकड्यातुकड्यात उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. हे पीसीवरच्या पबजी : बॅटलग्राउंड्सबद्दल आहे, म्हणजे क्राफ्टन या कोरियन कंपनीचा मूळ गेम, जो 2017 च्या मार्चमध्ये स्टीमवर आला आणि 2022 च्या जानेवारीपासून फुकट झाला. मोबाइलवरच्या बीजीएमआयची बटणं वेगळ्या जागी आहेत, त्यामुळे खालचे मार्ग तिथे शोधत बसू नका.

बहुतेकांचा घोळ इथेच होतो : म्यूट, ब्लॉक आणि रिपोर्ट ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि एक केल्याने दुसरं होत नाही. म्यूटने फक्त तुमच्या कानाची सोय होते, ब्लॉकने त्या माणसाचा तुमच्यापर्यंत पोचण्याचा रस्ता बंद होतो, आणि रिपोर्ट म्हणजे कंपनीकडे तक्रार. रिपोर्ट दाबून आवाज बंद होण्याची वाट बघणारे बरेच जण भेटतात. तो होणार नाही, कारण रिपोर्ट कुणीतरी नंतर बघणार असतं आणि शिव्या आत्ता येत असतात.

आधी आवाज कुठून येतोय ते ओळखा

म्यूट 'चालत नाही' अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा विचारतो, बोलणारा तुमच्या टीममधला आहे की बाहेरचा? पबजीत आवाज दोन वाटांनी येतो. एक टीमचं चॅनल, ज्यात टीममेट कितीही लांब असला तरी ऐकू येतो. दुसरं सगळ्यांसाठीचं चॅनल, ज्यात आसपासचे परके खेळाडू बोलतात. मॅच सुरू होण्याआधी सगळे एका जागी गोळा झालेले असतात तेव्हाचा जो कलकलाट असतो, तो या दुसऱ्या वाटेचा. 2017 मधले जुने खेळाडू तिथे पोचल्यावर सवयीने पहिली गोष्ट कुठली करायचे, तर Ctrl+T दाबायचे. मूळ की-मांडणीत त्याने व्हॉइस चॅट गप्प होतं. तुम्ही कीज बदलल्या असतील तर सेटिंगमधल्या कीजच्या पानावर व्हॉइसच्या ओळी बघा आणि काय कुठे लावलंय ते एकदा पाहून ठेवा, कारण नेमकी गोळीबार चालू असताना ते शोधायला वेळ नसतो.

तर टीममेटला म्यूट केलं आणि तरी शिव्या येत असतील, तर पुष्कळदा त्या शेजारच्या घरात लपलेल्या परक्याच्या असतात. त्यावर उपाय एकच : ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन व्हॉइस चॅनल सगळ्यांऐवजी फक्त टीमपुरतं करा. हे एकदा केलं की पुढच्या मॅचमध्येही तसंच राहतं. परक्यांचं बोलणं ऐकण्यात गंमत असते हे मान्य, कधीकधी शत्रूच बोलून आपली जागा सांगून टाकतो, पण ज्या घरात लहान मुलं खेळतात तिथे मी ते चॅनल बंदच ठेवायला सांगतो.

दुसरी शक्यता जास्त फसवी आहे. आवाज गेममधून येतच नसतो. ओळखीच्यांची ओळख म्हणून कुणीतरी डिस्कॉर्डच्या खोलीत आलेला असतो, किंवा स्टीमच्याच ग्रुप व्हॉइसवर असतो. तिथे गेमचं म्यूट काय करणार? ओळखायची सोपी युक्ती : विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये गेमचा आवाज शून्यावर न्या. पावलांचे, गोळ्यांचे आवाज गेले आणि शिव्या राहिल्या, तर त्या दुसऱ्या ॲपमधून येताहेत. मग त्या ॲपमध्येच त्याच्या नावावर राइट क्लिक करून म्यूट करायचं. आणि तक्रारही तिथेच करायची, कारण डिस्कॉर्डवर काय बोललं गेलं ते गेमच्या कंपनीच्या हद्दीत येत नाही.

टीममेटला एकट्याला गप्प करणं

मॅच चालू असताना Esc दाबा. जो मेनू उघडतो त्यात Team Management असा भाग आहे. तिथे तुमच्या स्क्वॉडमधल्या प्रत्येकाचं नाव दिसतं, त्याच्यापुढे आवाजाची पट्टी असते आणि रिपोर्टचं बटणही. नुसता मोठ्याने बोलणारा असेल तर पट्टी थोडी खाली ओढली की काम होतं, प्रत्येकाला म्यूटच करायला पाहिजे असं नाही. शिवीगाळ करणाऱ्याची मात्र पूर्ण बंद करा. हे करताना गेम थांबत नाही हे विसरू नका. उघड्या माळावर उभं राहून मेनू उघडलात तर शिव्या थांबायच्या आधी तुम्हीच लॉबीत जाल. भिंतीआड जा, आडवे व्हा, मग उघडा.

हे म्यूट त्या मॅचपुरतंच धरून चाला. पुढच्या मॅचमध्ये तोच माणूस पुन्हा वाट्याला आला तर पुन्हा करावं लागतं. 'काल म्यूट केलेला, आज परत ऐकू येतो' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं, त्यात गेममध्ये बिघाड काही नसतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. म्यूट एकतर्फी आहे. तुम्हाला तो ऐकू येत नाही, पण त्याला तुम्ही ऐकू येत राहता. तुमचा माइक सतत उघडा असेल तर तुम्ही मित्राला हळूच जे बोलता ('गेला का रे तो बडबड्या?') ते त्यालाही जातं, आणि मग तो मुद्दाम तुमच्या गाडीच्या वाटेत उभा राहतो, लूट उचलतो, तुमच्या पायाशी ग्रेनेड टाकतो. म्हणून म्यूट केल्याबरोबर स्वतःचा माइकही पुश-टू-टॉकवर आणा किंवा बंदच करा. दोघे मित्र आणि दोन रँडम असा स्क्वॉड असेल तर मित्राशी बोलायला फोन किंवा डिस्कॉर्ड वापरा. उरलेल्या टीममेटशी पिंग आणि रेडिओ मेसेजवर भागतं. नकाशावर खूण, शत्रूची दिशा, गोळ्या हव्यात, एवढं त्यातून सांगता येतं.

टेक्स्ट चॅट वेगळं. आवाज बंद केला तरी स्क्रीनच्या कोपऱ्यात टाइप केलेल्या ओळी येत राहू शकतात. त्या ओळी त्रासदायक असल्या तरी एका अर्थी सोयीच्या आहेत, कारण त्यांचा स्क्रीनशॉट निघतो. आवाजाचं तसं नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

पुरावा म्यूट करायच्या आधी

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर.

पबजीत रिप्लेची सोय आहे. सेटिंगमध्ये चालू केली असेल तर मॅच संपल्यावर पूर्ण खेळ पुन्हा पाहता येतो, तुमच्या आसपासच्या खेळाडूंच्या नजरेतूनसुद्धा, आणि त्यातूनच रिपोर्टही करता येतो. चीटरला पकडायला हे उत्तम. त्याची बंदूक भिंतीआडच्या माणसावर कशी खिळून राहते ते स्पष्ट दिसतं. पण रिप्लेत व्हॉइस चॅट नसतं. पात्रं पळताना दिसतात, गोळ्या ऐकू येतात, माणसांचं बोलणं नाही. त्यामुळे 'रिप्ले आहे की माझ्याकडे' म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस शिवीगाळीच्या तक्रारीत रिकाम्या हाताने उभा असतो.

आवाज हवा असेल तर स्क्रीन रेकॉर्डिंग लागतं, आणि ते म्यूट करायच्या आधीचं लागतं. म्यूट केल्यावर रेकॉर्डिंगमध्येही शांतताच येते, कारण रेकॉर्डर तुमच्या स्पीकरला जे जातं तेच घेतो. उपाय असा की मागची काही सेकंदं आपोआप जपून ठेवणारी सोय आधीपासून चालू असावी. विंडोजच्या गेम बारमध्ये पार्श्वभूमीतलं रेकॉर्डिंग चालू केलं की Win+Alt+G दाबल्यावर नुकताच होऊन गेलेला भाग फाइल म्हणून साठतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर त्यांच्या ओव्हरलेत इन्स्टंट रिप्ले चालू करून Alt+F10. शिवी कानावर पडली की आधी ही की, मग Esc, मग म्यूट. हा क्रम हाताला बसला की दहा सेकंदांत सगळं होतं. जुन्या लॅपटॉपवर पार्श्वभूमीतल्या रेकॉर्डिंगने फ्रेम्स पडतात हे खरं आहे. तसं असेल तर ते बंद ठेवा आणि वेळ आली की Win+Alt+R ने तिथून पुढचं रेकॉर्ड करा. शिव्या देणारा एकदा बोलून थांबत नाही, अर्धा मिनिट थांबलात तरी पुरेसं मिळतं.

क्लिप लगेच एकदा चालवून बघा. दोन गोष्टी तपासायच्या : आवाज आलाय का, आणि बोलताना त्याच्या नावापुढची व्हॉइसची खूण स्क्रीनवर दिसते का. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. चौघांच्या स्क्वॉडमध्ये आवाज कुणाचा हे नुसतं ऐकून ठरवता येत नाही, नावापुढची खूण त्याला बांधून टाकते. हेडफोनचा आवाज सिस्टीममध्ये वेगळ्या उपकरणावर जात असेल तर क्लिप मुकी निघू शकते. तसं झालं तर रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये आवाजाचा स्रोत बदला.

नाव नीट घेणं हेच अर्धं काम

परवाचंच उदाहरण. मी आणि माझा मावसभाऊ एरांगेलवर, सोबत दोन रँडम. त्यातल्या एकाने मावसभावाचा पोरसवदा आवाज ऐकला आणि उतरल्यापासून सुरू झाला, हिंदीत, मग मधूनच इंग्रजीत. क्लिप मिळाली, म्यूट झालं, मॅच संपली. मावसभाऊ म्हणाला, 'दादा, नाव लिहून घेतलंय मी.' कागदावर होतं lllIlIlI असं काहीसं.

हा प्रकार जुना आहे. इंग्रजीतला छोटा एल आणि मोठा आय गेमच्या फाँटमध्ये जवळपास सारखेच दिसतात, म्हणून मुद्दाम बारकोडसारखी नावं घेणारे खेळाडू असतात. असं नाव डोळ्यांनी वाचून सपोर्टच्या अर्जात टाइप केलं तर नव्वद टक्के ते दुसऱ्याच कुणाचं निघणार, किंवा कुणाचंच नाही. म्हणून नाव टाइप करायचंच नाही, कॉपी करायचं.

त्यासाठी सोपा रस्ता म्हणजे dak.gg सारखी आकडेवारी दाखवणारी साइट. तिथे त्या माणसाला शोधायचं नाही, स्वतःला शोधायचं. आपल्या नावाखाली आपल्या मॅचेस दिसतात. वेळ आणि नकाशा बघून ती मॅच उघडा, आपल्या टीमच्या चौघांची यादी समोर येते, तिथून नाव उचलून चिकटवा. आम्ही तेच केलं. कागदावरच्या नावात आणि खऱ्या नावात दोन अक्षरांचा फरक निघाला. मात्र हे उशिरा करून चालत नाही. या साइट्स पबजीच्या अधिकृत एपीआयमधून माहिती घेतात आणि त्यात मॅचचा तपशील 14 दिवसच राहतो.

रिप्ले चालू असेल तर मॅचचा नेमका क्रमांकही तुमच्याच कॉम्प्युटरवर पडलेला असतो. फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत हे टाका :

```
%LOCALAPPDATA%\TslGame\Saved\Demos
```

आत match.bro.official ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावांचे फोल्डर दिसतील, एका मॅचला एक. त्या नावातच मोड, तारीख आणि आकडे-अक्षरांच्या लांब साखळीच्या रूपात मॅचचा क्रमांक असतो. ते नाव जसंच्या तसं कॉपी करा, आणि फोल्डरची एक प्रत दुसरीकडे काढून ठेवा. नवे रिप्ले आले की जुने आपोआप पुसले जातात, आणि गेमचं अपडेट आलं की जुना रिप्ले बहुधा उघडतही नाही.

रिपोर्ट कुठून करायचं

मॅचमध्येच असाल तर वर सांगितलेलं Team Management. परका खेळाडू असेल आणि त्याने तुम्हाला मारलं असेल तर मेल्यानंतरच्या पडद्यावर रिपोर्टचं बटण असतं. मॅच सुटली, लॉबीत आलात, तर सोशल मेनू उघडा. मित्रांच्या यादीशेजारी अलीकडे सोबत खेळलेल्यांची यादी मिळते, तिथे नावावर क्लिक केलं की रिपोर्ट आणि ब्लॉक हे पर्याय येतात. ब्लॉक करून टाकाच. आमंत्रणं, फ्रेंड रिक्वेस्ट, मेसेज यातून तो मागे लागणार नाही. पण ब्लॉक केला म्हणजे तो पुन्हा कधीच तुमच्या मॅचमध्ये पडणार नाही असा अर्थ काढू नका. तो स्टीमवरून त्रास देत असेल तर स्टीमवर वेगळा ब्लॉक करावा लागतो.

रिपोर्ट करताना कारण अचूक निवडा. रागाच्या भरात सगळेच 'चीटिंग' निवडतात, वाटतं त्याने जास्त लवकर कारवाई होईल. होतं उलटंच : त्याचा नेम, त्याची हालचाल तपासली जाते, त्यात काही सापडत नाही आणि तक्रार तिथेच संपते. शिवीगाळ केली असेल तर शिवीगाळच निवडा. स्क्वॉडमधल्या बाकीच्यांनाही आपापल्या खात्यावरून रिपोर्ट करायला सांगा. एकाच खात्यावरून पुन्हा पुन्हा बटण दाबण्यापेक्षा ते बरं.

गेममधल्या बटणातून क्लिप जात नाही. नुसती एखादी शिवी असेल तर बटण पुरे. धमकी, जातीवरून किंवा धर्मावरून बोलणं, मुलीचा आवाज ऐकून केलेली घाण, असं काही असेल तर पबजीच्या अधिकृत सपोर्ट साइटवर जाऊन तक्रार लिहा. तिथे कॉपी केलेलं नाव, मॅचचा क्रमांक, तारीख आणि वेळ (भारतीय वेळ आहे असं स्पष्ट लिहून), आणि क्लिपची लिंक द्या. यूट्यूबवर टाकायची असेल तर अनलिस्टेड ठेवा.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांच्या तक्रारीत कायम सुटते. क्लिप तपासणाऱ्याला हिंदी-मराठी येत असेल असं गृहीत धरू नका. 'या क्लिपमध्ये तो घाणेरडं बोलतोय' एवढ्याने त्याला काय कळणार? कितव्या सेकंदाला काय बोलला ते आणि त्याचा साध्या इंग्रजीत अर्थ लिहा. बारा ते पंधरा सेकंदांत आईवरून लैंगिक शिवी, बाविसाव्या सेकंदाला घर शोधून मारीन अशी धमकी, असं. लाजून गुळमुळीत लिहिलंत तर तक्रारही गुळमुळीतच होते. आपण काय उत्तर दिलं तेही त्याच क्लिपमध्ये येतं हेही ध्यानात ठेवा. दोघेही शिव्या देत असतील तर नियम दोघांनाही लागतो, म्हणून क्लिप घेताना तोंड बंद.

पुढे काय होतं

ज्याची तक्रार केली त्याच्यावर कारवाई झाली तर गेममध्ये तशी सूचना येते. काय शिक्षा झाली, किती दिवसांची, याचा तपशील मागून मिळत नाही, त्यासाठी पुन्हा पुन्हा तिकीट उघडण्यात अर्थ नाही. सूचना आली नाही म्हणजे तक्रार कचऱ्यात गेली असंही नाही.

कोरियात लोक याच्या पुढे जातात, ते थेट पोलिसांकडे. तिथल्या फौजदारी कायद्याच्या 311 व्या कलमाखाली अपमान हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा 20 लाख वॉनपर्यंत दंड. गेममधल्या शिव्यांवरून तिथे खरोखर तक्रारी होतात. पण त्यात दोन अटी आड येतात : अपमान चारचौघांत झालेला असावा, आणि तो नेमक्या कोणत्या माणसाचा ते ओळखू यावं. समोर नुसतं टोपणनाव असेल तर दुसरी अट बऱ्याचदा सिद्ध होत नाही. लैंगिक स्वरूपाच्या बोलण्याला मात्र तिथे वेगळा कायदा लागतो आणि त्यात ती ओळखीची अट आड येत नाही, म्हणून तिथले खेळाडू तोच मार्ग धरतात.

आपल्याकडे नुसत्या शिवीसाठी एवढं कुणी करत नाही. पण माणूस गेमच्या बाहेर मागे लागला, इन्स्टावर शोधून मेसेज करू लागला, धमकी देऊ लागला किंवा लहान मुलाकडे फोटो मागू लागला, तर गेमच्या सपोर्टच्या उत्तराची वाट बघत बसू नका. cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा. तेव्हा मूळ क्लिप लागते, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली आकसलेली नव्हे. त्यामुळे रेकॉर्डरने जी फाइल बनवली ती न कापता, नाव न बदलता, मॅचच्या फोल्डरच्या प्रतीसोबत एका जागी ठेवून द्या, आणि त्याच्या प्रोफाइलचे, मेसेजचे स्क्रीनशॉट ब्लॉक करायच्या आधी काढा. ब्लॉक केल्यावर काही ॲप्समध्ये ते पान तुम्हालाच दिसेनासं होतं.